शुगर फ्री गोळीने साखर वाढते का?

प्रश्न: मला डायबिटीस आहे. चहात अस्पार्टेम किंवा सुक्रालोजची गोळी टाकली तर रक्तातली साखर वाढते का? भूक आणि पोटातल्या जिवाणूंवर परिणाम होतो का?

उत्तर: गोळी घेतल्यावर लगेच साखर वाढत नाही. खरा प्रश्न रोजच्या वापराचा आहे आणि तिथे या दोघांत फरक पडतो.

अस्पार्टेम लहान आतड्यातच फुटून शोषलं जातं, त्यामुळे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत ते जवळजवळ पोहोचतच नाही. सुक्रालोज मात्र बहुतांश न पचता तिथवर जातं.

इस्राएलच्या वाइझमान संस्थेने 2022 मध्ये 120 निरोगी लोकांवर प्रयोग केला. दोन आठवडे गोडव्याची पाकिटं दिली, तीही सुरक्षित मर्यादेच्या आतच. सुक्रालोज आणि सॅकरिन घेणाऱ्यांची रक्तातलं ग्लुकोज आटोक्यात ठेवायची क्षमता सरासरीने घटली, अस्पार्टेमवाल्यांची फारशी नाही. काहींचे जिवाणू उंदरांत सोडल्यावर त्यांच्यातही तसाच बदल दिसला. पण प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा होता आणि हे लोक डायबिटीसचे नव्हते, म्हणून यावरून तुमचं काय होईल हे सांगता येत नाही.

भुकेचं म्हणाल, तर ती वाढली असती तर वजनही वाढलं असतं, पण साखरेच्या कोल्ड्रिंकऐवजी डाएट कोल्ड्रिंक घेणाऱ्यांचं वजन सहसा वाढत नाही, थोडं उतरतंच.

पाकिटातली पावडर घेत असाल तर मागची बाजू वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भर म्हणून असतं आणि ते साखर वाढवतं. एका पाकिटात जेमतेम ग्रॅमभर, पण दिवसात आठ-दहा पाकिटं झाली तर ते मोजायलाच हवं.