एकेरी नोंदीवरून नफा कसा काढायचा?

प्रश्न: फक्त सुरुवातीचं आणि अखेरचं भांडवल माहीत आहे. त्यावरून अंतिम खाती कशी बनवू?

दोन्ही तारखांना मालमत्ता वजा देणी करून भांडवल काढा. समजा, सुरुवातीला 2,00,000 आणि अखेरीस 2,60,000 आलं. वाढ 60,000 दिसते, पण तो नफा नव्हे. वर्षात 48,000 घरखर्चाला उचलले, ते मिळवा; 30,000 नव्याने घातले, ते वजा करा: 78,000. अखेरच्या यादीत फर्निचर घसारा न काढता 50,000 ला धरलं असेल, तर 10% म्हणजे 5,000 कमी करा. नफा 73,000.

ताळेबंदात भांडवल 2,00,000 + 30,000 − 48,000 + 73,000 = 2,55,000 येतं.

सगळ्यात जास्त चूक उचलीत होते: दुकानातला माल घरी नेला, तर तोही उचलच, विसरलात तर नफा तेवढाच कमी दिसतो. विक्री-खरेदीचे आकडे मात्र यातून मिळत नाहीत. व्यापारी खात्यासाठी ऋणको-धनकोंची खाती आणि रोकड वही मांडावीच लागते.