जुनं आरएक्स ५८० आणि ९८० प्रो: फोटोत काय बघायचं

प्रश्न: मी नाशिकला, विक्रेता मुंबईचा. वापरलेलं आरएक्स ५८० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि सॅमसंग ९८० प्रो १ टीबी एसएसडी घ्यायचा विचार आहे. त्याने दोन्हींचे समोरून काढलेले फोटो पाठवलेत, लेबलं तर अगदी नीट दिसतात. एवढ्यावरून माल खरा आहे हे कळतं का? आणखी कुठले फोटो मागू?

उत्तर:

नाही कळत. लेबल चुकीचं असेल तर माल खोटा ठरतो, पण लेबल बरोबर आहे म्हणून माल खरा ठरत नाही. स्टिकर कुणीही छापून घेऊ शकतो. पुरावा शोधायचा तो बोर्डावर. म्हणून समोरचा फोटो बाजूला ठेवा आणि कार्डाचे तीन नवे मागा: मागची बाजू सरळ वरून, खालची कड (स्लॉटमध्ये जाणारे सोनेरी दात दिसतील अशी), आणि पंख्याच्या बाजूने तिरपा, ज्यात आतल्या हीटसिंकच्या पात्या दिसतील. प्रत्येक फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी आणि उजेड बाजूने पडलेला हवा. फ्लॅश मारला की सोल्डरिंग पांढरं पडतं, मग त्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

आधी कव्हर. क्रिप्टो मायनिंगमधून निघालेल्या कार्डांचे पंखे झिजलेले असतात, म्हणून त्यांच्यावर दोन पंख्यांचं कुठलंही नवं प्लास्टिक कव्हर चढवून विकतात. पंखे बदलले हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा कव्हर मोठं आणि आतला हीटसिंक छोटा असतो. आरएक्स ५८० ची ठरलेली वीजखपत १८५ वॅट आहे. एवढी उष्णता काढायला कॉपर हीटपाइप लागतात आणि तिरप्या फोटोत त्यांची वाकलेली टोकं कडेला दिसतात. कव्हरखाली दोन्ही टोकांना पोकळी असेल आणि मधे नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा असेल, तर कार्ड तापून आपला वेग खाली आणणार. त्याहून वाईट म्हणजे अशा परक्या हीटसिंकचं मेमरी चिप्सवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागावर थर्मल पॅड बसतच नाही. मुख्य चिपचं तापमान स्क्रीनवर ठीक दिसतं आणि मेमरी मात्र भाजत राहते.

कव्हर मूळचं आहे का, हे मागच्या फोटोतून कळतं. बोर्डावर स्क्रूची भोकं असतात. मूळ कूलरला त्यातली बहुतेक वापरात असतात. मुख्य चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू आहेत, पण बाकीची भोकं रिकामी आहेत आणि त्यांच्याभोवती जुन्या स्क्रूच्या दाबाचे गोल वळ उठलेत, म्हणजे कूलर बदललेला. विजेच्या कनेक्टरपाशी कव्हरची खाच सरळ बसते का, तेही बघा. ओढूनताणून बसवलेलं कव्हर तिथे हटकून उघडं पडतं.

आता सोल्डरिंग. इथे घाई करू नका, फोटो मोठा करून बघा. कारखान्यातला जोड कडेला आत वळलेला, गुळगुळीत आणि सगळीकडे सारखा असतो. हाताने लावलेला फुगीर असतो आणि त्यावरचा कपॅसिटर किंचित तिरका बसतो. चिप किंवा मेमरी काढून पुन्हा लावली असेल, तर तिच्या कडेला सोल्डरिंगसाठी लावलेल्या फ्लक्सचा पिवळसर, चकचकीत थर राहतो. अर्धवट पुसला असेल तर तो पांढरट दिसतो. पण एक गोष्ट सांभाळा: जुन्या थर्मल पॅडमधून सिलिकॉन तेल झिरपतं, ते रंगहीन असतं आणि त्यावर धूळ चिकटते. तेही चिपच्या कडेलाच दिसतं आणि घाबरण्यासारखं नसतं. पिवळा थर एकाच चिपभोवती आणि बाकीच्या कोरड्या, म्हणजे दुरुस्ती झाली. तेलकटपणा सगळ्या मेमरीभोवती सारखा, म्हणजे नुसतं वय.

विक्रेता कूलर काढून फोटो द्यायला तयार असेल तर फारच चांगलं. ८ जीबीच्या कार्डावर मेमरीच्या आठ चिप्स असतात, प्रत्येकी १ जीबी. सॅमसंगच्या असतील तर त्यांवर K4G80 ने सुरू होणारा क्रमांक हवा. K4G41 असेल तर ती चिप अर्ध्या जीबीची, आणि तशा आठ म्हणजे ४ जीबीचं कार्ड. आठही चिप्स एकाच कंपनीच्या आणि तारखेच्या आगेमागे असाव्यात. सॅमसंगच्या चिपवर SEC पुढचे तीन अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि आठवडा सांगतात, म्हणजे 725 असेल तर २०१७ चा २५ वा आठवडा. सात चिप्स 725 आणि आठवी वेगळ्या कंपनीची, तर ती नंतर बसवलेली.

कडेच्या फोटोत सोनेरी दातांच्या वर छोट्या कपॅसिटरची जोड्याजोड्यांनी रांग असते. कार्ड काढता-घालताना त्यातला एखादा उडतो. तिथे दोन चमकत्या ठिपक्यांची रिकामी जागा दिसेल. त्याचा परिणाम कार्डाची माहिती दाखवणाऱ्या GPU-Z या प्रोग्राममध्ये Bus Interface समोर x16 ऐवजी x8 किंवा त्याहून कमी असा दिसतो.

आणि कार्ड हातात येण्याआधी GPU-Z चा व्हिडिओ मागाच, स्क्रीनशॉट नको. Shaders समोर 2304 हवेत. 2048 असतील तर ते २०४८एसपी नावाचं वेगळं कार्ड आहे, म्हणजे जवळपास आरएक्स ५७०. कव्हरवर आणि खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ५८० च लिहिलेलं असतं. यात कार्ड बिघडलेलं नसतं, पण किंमत ५७० ची द्यायची.

एसएसडीचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे लेबलच चिप्स झाकतं आणि ते सोलायला सांगू नये, वॉरंटी जाते. तेव्हा आडव्या उजेडात तिरपा फोटो मागा. ९८० प्रो १ टीबीमध्ये लेबलखाली चार उंचवटे असतात: एक कंट्रोलर, एक डीरॅम आणि दोन फ्लॅश मेमरीचे. मागची बाजू सपाट असते, तिथे चिप नसते. डीरॅमचा उंचवटा दिसत नसेल, तर आत दुसऱ्याच कंट्रोलरची स्वस्त ड्राइव्ह आहे असं धरून चाला. लेबलावर मॉडेल MZ-V8P1T0 हवं. त्यावरचा क्यूआर कोड फोटोतूनच स्कॅन करा आणि निघालेला मजकूर छापील क्रमांकाशी जुळवा. नकली लेबलवर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात आणि प्रमाणपत्रांची चिन्हं दाबल्यासारखी दिसतात.

विंडोजवर CrystalDiskInfo या प्रोग्राममध्ये किती डेटा लिहिला गेलाय ते बघा, या मॉडेलची वॉरंटी ६०० टीबी लेखनापर्यंत आहे. लिनक्सवर हे चालवा:

```
sudo smartctl -a /dev/nvme0
```

PCI Vendor समोर सॅमसंगचा 0x144d हवा.

वेग मोजायचा तर छोट्या चाचणीवर विसंबू नका, छोट्या चाचणीत काही नकली ड्राइव्हसुद्धा चांगला वेग दाखवतात. रिकाम्या ड्राइव्हवर सलग २०० जीबी लिहा. त्यासाठी बोर्डाला पीसीआयई ४ चा स्लॉट हवा आणि डेटा तितक्याच वेगवान जागेवरून यायला हवा. खऱ्या ९८० प्रो १ टीबीचा वेगवान कॅशे जास्तीत जास्त ११४ जीबीचा असतो, त्यानंतर वेग सेकंदाला साधारण २००० एमबीवर येऊन स्थिर राहतो. हीटसिंक लावलेला असतानाही तो काही शे एमबीवर कोसळला, तर ड्राइव्ह परत करा.