दाढांवरून क्लास वन, टू आणि थ्री कसा ओळखावा

प्रश्न: मी नागपुरात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅलऑक्लूजनचा क्लास वन, टू, थ्री दाढांवरून कसा ठरवायचा? व्याख्या पाठ आहे, पण पेशंटच्या तोंडात बघताना गोंधळ होतो. प्रत्येकाचं एक सोपं उदाहरण द्याल का?

उत्तर:

मी नागपुरातच ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून काम करते. माझ्या पाहण्यात हा गोंधळ बहुधा व्याख्येमुळे होत नाही, तर नेमके कोठे आणि कोणत्या बाजूने पाहायचे हे निश्चित नसल्यामुळे होतो. म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

आपल्याला पाहायची असते ती पहिली कायमची दाढ. ती साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते आणि सर्व दात जागेवर असतील तर मध्यरेषेपासून सहावी असते. एखादा दात काढलेला असेल तर मोजणी चुकते, म्हणून ती आकारावरून ओळखण्याची सवय करावी. वरच्या दाढेला गालाच्या बाजूने दोन कस्प दिसतात. त्यांतील पुढचा तो मेझिओबक्कल कस्प. खालच्या दाढेला मात्र गालाच्या बाजूने तीन कस्प असतात आणि त्यामुळे दोन खाचा दिसतात. आपली खाच पुढची, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या कस्पांमधली. घाईत मागची खाच धरली की पुढचे सर्व निदान चुकते.

रुग्णाला मागच्या दाढांवर चावायला सांगावे, आरशाने गाल पुरेसा ओढावा आणि दाढेकडे अगदी काटकोनातून पाहावे. समोरून तिरके पाहिल्यास वरचा कस्प प्रत्यक्षापेक्षा मागे दिसतो आणि सौम्य क्लास टूसुद्धा क्लास वन भासतो. शंका राहिल्यास प्लास्टरचे मॉडेल हातात घेऊन पाहावे, कारण तेथे गाल आड येत नाही.

वरचा मेझिओबक्कल कस्प खालच्या दाढेच्या त्या खाचेत बसत असेल तर क्लास वन. उदाहरणार्थ, 14 वर्षांच्या मुलीच्या दोन्ही बाजूंच्या दाढा अशा नीट बसतात, पण खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत, कारण दातांच्या रुंदीच्या मानाने जबड्यात जागा कमी पडली आहे. क्लास वन म्हणजे सर्व काही ठीक, असे समजू नये. दाढांचा मेळ योग्य आहे आणि दोष अन्यत्र आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वरचा कस्प खाचेच्या पुढे पडत असेल, म्हणजेच खालची दाढ वरचीच्या मानाने मागे असेल, तर क्लास टू. 12 वर्षांचा एक मुलगा घ्या. त्याचा वरचा कस्प खालची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्यामधल्या फटीवर येतो, वरचे पटाशीचे दात पुढे कललेले आहेत आणि एरवी 2 ते 3 मिमी असणारा ओव्हरजेट 8 मिमी आहे. हा पूर्ण क्लास टू, डिव्हिजन वन. हेच मधले दोन पटाशीचे दात आत कललेले आणि चावा खोल असता तर तो डिव्हिजन टू ठरला असता. कस्पाच्या टोकासमोर कस्पाचेच टोक आले तर ते अर्ध्या कस्पाचे क्लास टू नाते होय. दुधाच्या दाढा अजून तोंडात असलेल्या मुलांत ते पुष्कळदा वाढीचा टप्पा असते, म्हणून त्या वयात घाईने शिक्का मारू नये.

वरचा कस्प खाचेच्या मागे पडत असेल तर क्लास थ्री. 18 वर्षांच्या तरुणाचा वरचा कस्प खालच्या पहिल्या व दुसऱ्या दाढांच्या मधोमध येतो आणि खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे आहेत, हे त्याचे सरळ उदाहरण. येथे जबडा हलकेच मागे नेऊन पटाशीचे दात टोकाला टोक लागतात का, तेही पाहावे. लागत असतील आणि त्या स्थितीत दाढा क्लास वनच्या जवळ येत असतील, तर तो दातांच्या अडथळ्यामुळे जबडा पुढे सरकवून चावत असतो. निव्वळ जबड्याच्या वाढीचा दोष तो नव्हे.

आता ज्या ठिकाणी हे वर्गीकरण फसवते ते पाहू, कारण परीक्षेतही आणि पुढे व्यवसायातही तेच अधिक उपयोगी पडेल. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये हे वर्गीकरण मांडले तेव्हा वरची पहिली दाढ आपल्या जागी स्थिर असते असे त्यांनी गृहीत धरले. आपल्या झिरो माइलच्या दगडापासून अंतर मोजावे, तसे त्या दाढेपासून बाकी सर्व मोजायचे. पण हा दगड कधी कधी स्वतःच सरकलेला असतो.

कामठीहून 13 वर्षांची मुलगी आली आहे असे समजा. डावीकडे दाढा क्लास वन, उजवीकडे जवळजवळ अर्ध्या कस्पाने क्लास टू. नियमाप्रमाणे हे क्लास टू, सबडिव्हिजन राइट. मात्र तिचा ओव्हरजेट 3 मिमी आहे आणि उजवा वरचा सुळा खालचा सुळा व पहिली उपदाढ यांच्यामध्ये, म्हणजे क्लास वनच्या जागीच बसतो. विचारल्यावर आई सांगते की लहानपणीच किडल्यामुळे त्या बाजूची वरची मागची दुधाची दाढ काढावी लागली. तिच्या जागी यायची उपदाढ टाळूच्या बाजूने निघू पाहत आहे. तिला सुमारे 7 मिमी जागा हवी आणि मोजल्यावर उरलेली जागा 3 मिमी भरते. सुळा आणि पहिली उपदाढ आपल्या जागी आहेत, तेव्हा कमी पडलेले 4 मिमी वरची दाढ पुढे सरकल्यामुळेच गेले, आणि अर्ध्या कस्पाचा फरकही तेवढाच असतो. शिवाय अशी दाढ पुढे येताना टाळूकडच्या मुळाभोवती फिरते, त्यामुळे तिचा पुढचा कस्प आणखी पुढे दिसतो. येथे खालचा जबडा मागे नाही. उजवीकडची एक दाढ पुढे आली आहे, आणि उपचाराचा विचार तिला मागे नेऊन उपदाढेची जागा परत मिळवण्यापासून सुरू होतो.

याच्या उलटही घडते, आणि मला ते अधिक धोक्याचे वाटते. ज्या मुलाचा खालचा जबडा खरोखर मागे आहे, त्याची खालची दुधाची दाढ लवकर गेली तर खालची पहिली दाढ पुढे सरकते आणि नाते क्लास वन दिसू लागते. केवळ दाढ पाहणारा तेथे समाधानी होतो. ओव्हरजेट 7 मिमी आणि सुळे क्लास टूमध्ये दिसले की खरी स्थिती कळते.

म्हणून केस पेपरवर फक्त ‘क्लास टू’ असे लिहू नका. उजवी व डावी दाढ वेगवेगळी नोंदवा, प्रत्येक बाजूच्या सुळ्याचे नाते लिहा, ओव्हरजेट मिमीमध्ये द्या आणि कोणता दात केव्हा काढला हे पालकांना विचारून त्याखाली लिहा. चाव्याची खोली, आडवा मेळ आणि जबड्यांच्या हाडांची स्थिती यांविषयी दाढांचे नाते काहीच सांगत नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्या लागतात, आणि हाडांसाठी चेहऱ्याची बाजूने तपासणी व सेफॅलोमेट्रिक एक्स-रे पाहावा लागतो.