बारा लाख रीच, पण चौकशा किती?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. गुगल जाहिरातींतून डीलरच्या चौकशा आणणारा माणूस हवाय, बजेट महिन्याला ५० हजार. एका रेझ्युमेत 'इन्स्टाग्राम रीच १२ लाख, बजेट ८ लाख' लिहिलंय. बोलवू का?

उत्तर: तेवढ्या ओळीवर तरी नको. रीच म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली, तुम्हाला हवेत फोन. शिवाय ते ८ लाख महिन्याचे की वर्षाचे, आणि खर्चाचा निर्णय त्याचा होता की एजन्सीचा, हे कुठेच नाही.

पण रेझ्युमे लगेच टाकून देऊ नका. खाली कुठे 'सर्च जाहिराती, ४० हजार, १६० चौकशा' असं काही असेल तर तीच तुमच्या कामाची ओळ. भागाकार करा, चौकशीमागे २५० रुपये. मग फोनवर विचारा, त्यातले खरे गिऱ्हाईक किती निघाले? ज्यानं स्वतः हात घातलाय तो लगेच रडगाणं सुरू करतो: नोकरी मागणारेच जास्त फोन करायचे, म्हणून 'नोकरी', 'दुरुस्ती' हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरातच दिसत नाही. आकडा उसना असेल तर इथेच गडबडतो.

आणि कन्नड येतं का तेही बघा. हुबळीकडचे डीलर मराठीत शोधणार नाहीत.