स्कॅन केलेल्या फोन यादीतून कॉन्टॅक्ट्सची फाइल

प्रश्न: यादीचा तक्ता स्कॅन केला आहे. नाव, नंबर आणि पत्ता वेगवेगळ्या रकान्यांत घेऊन फोनमध्ये कसा इम्पोर्ट करू?

उत्तर: ओसीआर करून मजकूर स्प्रेडशीटमध्ये घ्या, पण पेस्ट करण्याआधी नंबरचा रकाना 'टेक्स्ट' करा. नाहीतर सुरुवातीचा शून्य गळतो आणि नंतर तो कुठे होता ते कळत नाही.

खरी कटकट पत्त्याची. तक्त्यात लांब पत्ता दोन ओळींत मोडलेला असतो, ओसीआर त्याच्या दोन नोंदी करतो. नाव आणि नंबर दोन्ही रिकामे असलेली ओळ दिसली की ती वरच्या पत्त्याला जोडा. पत्त्यात स्वल्पविराम असतात, आणि सीएसव्ही फाइलीत रकानेही स्वल्पविरामानेच वेगळे होतात, म्हणून तिथे पत्ता दुहेरी अवतरणात हवा:

```
First Name,Phone 1 - Value,Address 1 - Formatted
नाव आडनाव,0123456789,"घर 4, दुसरा मजला, बाजार रस्ता"
```

ही शीर्षकं Google Contacts ची आहेत. स्वतःचा एक कॉन्टॅक्ट एक्स्पोर्ट करून त्यातलीच शीर्षकं उचलणं सर्वांत खात्रीचं. फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

शेवटी नंबरच्या रकान्यावर स्प्रेडशीटमधलं अक्षरं मोजणारं LEN सूत्र लावा. लांबी वेगळी आली तर अंक गळलाय किंवा जास्तीचा घुसलाय. 3 चा 8 झालेला मात्र त्यात सापडत नाही, तो मूळ पानाशी ताडूनच बघावा लागतो. आधी पाचच नोंदी इम्पोर्ट करून पाहा.