आधी त्याला काय ऐकू आलं ते बघा

प्रश्न: गाडीतला व्हॉइस असिस्टंट माझं मराठी वळणाचं इंग्रजी आणि मिसळून बोललेलं धड समजत नाही. 'पार्ल्याला रूट लाव' म्हटलं की भलतंच गाणं लावतो. उच्चार सुधारायचे की अजून काही करता येईल?

उच्चारांना हात लावू नका. मुलुंडला माझं कार ॲक्सेसरीजचं दुकान आहे, आणि ही तक्रार घेऊन महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं तरी येतात. बहुतेकांना वाटतं, आपलंच इंग्रजी वाईट. मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो : तुम्ही बोललात तेव्हा स्क्रीनवर काय उमटलं? ते कोणीच बघितलेलं नसतं.

अँड्रॉइड ऑटो असेल तर बोलताना शब्द स्क्रीनवर येतात. हुकले तर गाडी थांबवून फोनवर `myactivity.google.com` उघडा, हिस्टरी चालू असेल तर तिथे सापडतात. शब्दच चुकीचे उमटले असतील तर गोंधळ ऐकण्यात आहे. शब्द बरोबर आणि काम भलतंच, तर गोंधळ अर्थ लावण्यात आहे. दोन्हींचे इलाज वेगळे.

गेल्या पावसाळ्यात भांडुपचे एक काका आले होते. त्यांचं वाक्य तुमच्यासारखंच : 'नेव्हिगेट टु पार्ल्याला'. मी गाडी बंद, एसी बंद, काचा वर करून त्यांना तेच बोलायला लावलं. स्क्रीनवर आलं `navigate to pearl ala`. शांत गाडीतही चूक तीच, म्हणजे ही चूक तरी एसीच्या किंवा इंजिनाच्या आवाजामुळे नव्हती. फोनमध्ये असिस्टंटची भाषा बघितली तर अमेरिकन इंग्रजी. नवा फोन घेतल्यापासून कोणी बदललीच नव्हती. ती `English (India)` केली. आपला 'व' आणि आपला 'ट' या भाषेच्या हिशेबात आधीच धरलेला असतो, त्यामुळे काकांचे निम्मे घोटाळे तिथेच मिटले.

पार्ल्याचा मात्र मिटला नाही. त्याचं कारण आपली विभक्ती. नकाशावर नाव आहे `Vile Parle`. आपण बोलतो पार्ल्याला, ठाण्याला, वडाळ्याला. माणसाला त्यातलं मूळ नाव लगेच कळतं, पण इंग्रजी ऐकायला बसलेल्या यंत्राला 'पार्ल्याला' हा एक अनोळखी शब्द वाटतो. फोनमध्ये मराठी दुसरी भाषा म्हणून जोडता येते, जरूर जोडा. पण असिस्टंट साधारणपणे अख्खं वाक्य कुठल्या भाषेतलं ते ठरवतो, शब्दाशब्दाला भाषा बदलत नाही. म्हणून सांगाडा एकाच भाषेचा ठेवा आणि गावाचं नाव प्रत्यय न लावता घ्या : 'नेव्हिगेट टु विलेपार्ले ईस्ट'. नाहीतर सरळ पूर्ण मराठीत बोला. अधलंमधलं नको. काकांनी शीव म्हणायचं सोडून सायन म्हणायला जरा कुरकुर केली, पण केलं. (आयफोनवाल्यांना २०२४ च्या आयओएस १८ पासून सिरीशी भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोलता येतं. तरी प्रत्यय टाळलेले बरे.)

हे झाल्यावर गाडी सुरू केली, एसी चारवर. 'कॉल सुनील' म्हटलं, लागला सुशीलला. तीनदा. एसी बंद केला की बरोबर. आता मात्र माइकचा दोष, आणि तो आमच्याच धंद्यातल्या कोणाचातरी होता : बाहेरून बसवलेल्या स्टिरिओचा सुटा माइक डॅशबोर्डवर एसीच्या जाळीला खेटून चिकटवलेला. मी वायर आतून फिरवून तो ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर, सनव्हायझरजवळ आणला. अर्ध्या तासाचं काम. एअरबॅगचा पडदा त्या खांबात असेल तर वायर त्याच्या मागूनच न्यायची, पुढून नाही, म्हणून हे घरी करू नका. कंपनीचा माइक बहुतेकदा छतातल्या दिव्यापाशी असतो, तिथे निदान सीटकव्हरवाल्याने किंवा टिंटवाल्याने काही चिकटवलंय का ते बघा.

गाडीत नुसतं ब्लूटूथ असेल तर अजून एक भानगड. आवाज कॉलच्या वाटेने जातो, आणि जुन्या सिस्टिममध्ये ती वाट साधारण ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापते. 'स', 'फ' यांची ओळख बरीचशी त्याच्या वरच असते. तिथे माइक कितीही हलवा, फायदा नाही. केबलने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले जोडता येत असेल तर जोडा. नाहीतर संपर्कांची नावं अशी ठेवा की एकमेकांत मिसळणार नाहीत. काकांनी तसंही सुशीलचं 'सुशील गॅरेज' करून टाकलं.

एक राहिलं. स्टीअरिंगवरचं बटण पुष्कळ गाड्यांत थोडं दाबलं की गाडीचाच असिस्टंट उठतो, आणि दाबून धरलं की फोनचा. गाडीच्याला बरेचदा ठरलेलीच वाक्यं कळतात, फोनची सेटिंग त्याला लागू नाही. तुमचं गाणं लावणारा यांतला कोण, ते आधी बघा.