इनटेक-आउटपुट चार्टची बेरीज बरोबर, मग चुकतं कुठे?

"जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. इनटेक-आउटपुट चार्टची बेरीज माझी बरोबर येते, तरी वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, 'चार्ट भरतेस, वाचत नाहीस.' नेमकं काय वाचायचं?"

माझ्याच एका नाइट ड्युटीचं सांगते. आतड्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, वजन 60 किलो, कॅथेटर आणि नाकातून जठरात घालून तिथलं पाणी बाहेर काढणारी रायल्स ट्यूब दोन्ही. सलाइन ताशी 100 मिली. रात्री 8 पासून दर तासाची लघवी अशी: 60, 50, 35, 25, 20. पाच तासांत 190 मिली. मोठ्या माणसाला ताशी किलोमागे निदान अर्धा मिली लघवी हवी, म्हणजे इथे 30. सरासरी 38 येत होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण आकडे एकाखाली एक वाचले असते तर उतरण अकरालाच दिसली असती.

लघवी एकदम थांबली की माझा पहिला संशय नळीवर जातो: पिळा पडलाय का, रुग्ण नळीवर झोपलाय का, युरोबॅग मूत्राशयाच्या वर टांगलीय का. ओटीपोट फुगलंय का तेही हाताने बघायचं. इथे नळी मोकळी होती, पोट मऊ होतं. नाडी मात्र 88 वरून 112 वर गेलेली. बीपी अजून 110/70. त्या बीपीवर विसंबू नका, ते बऱ्याचदा उशिरा पडतं.

मग पाणी गेलं कुठे? चार्टवर आत 500, बाहेर 190, म्हणजे 310 जमा. रायल्स ट्यूबचा रकाना कोरा. वॉर्डबॉय मामांना विचारलं तर म्हणाले, "ती पिशवी भरली होती सिस्टर, दोनदा ओतली." मापलं कुणीच नव्हतं. त्यांच्या अंदाजाने साडेसहाशे. ते धरलं तर 310 जमा नाही, 340 तूट! डॉक्टरांना फोन करताना मी नुसतं "लघवी कमी आहे" म्हटलं नाही. पाचही आकडे, नाडी आणि रायल्सचा हिशोब सांगितला, साडेसहाशे अंदाजे आहेत हेही सांगितलं. त्यांनी येऊन तपासलं, सलाइन वाढवलं. तीनपर्यंत लघवी 45 वर आली.

तेव्हापासून पिशवी रिकामी करण्याआधी मापाचं भांडं मी स्वतः हातात घेते, सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर वाचते आणि आकडा तिथल्या तिथे लिहिते. सलाइनची बाटली लावली म्हणून 500 लिहायचे नाहीत, जेवढं आत गेलं तेवढंच. इंजेक्शन ज्या 100 मिलीत मिसळून दिलं, तेही इनटेकच. नातेवाइकांनी पाजलेला चहा, नारळपाणी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कप 100 चा की 150 चा हे एकदा मापून घ्या.

घाम आणि श्वासातून जाणारं पाणी चार्टवर येतच नाही. म्हणून हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाचं रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा. एका रात्रीत किलोभर वाढलं, तर साधारण लिटरभर पाणी अंगात साठलंय. चार्ट काही का म्हणेना.